एका परिच्छेदातल्या बावीस ओळी

घरगुती मसाले, चटण्या, घाण्याचे तेल विकणाऱ्या छोट्या उद्योगांची भावयादी बहुतेक वेळा मोबाइलवरच्या एका सलग मजकुरात असते. त्या याद्यांच्या धाटणीवरून बेतलेला हा नमुना पाहा:

«कांदा लसूण मसाला (तिखट/मध्यम) पाव किलो १७०, अर्धा ३३०, एक किलो ६४०. गोडा मसाला १०० ग्रॅम ९५, पाव २१५, अर्धा ४४०. मेतकूट, थालीपीठ भाजणी पाव ८०, अर्धा १५०. चटण्या – शेंगदाणा, जवस, कारळे – १०० ग्रॅम ५०, २०० ग्रॅम ९५, कारळे ५ रु. जास्त. लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल १ लिटर ३४०, ५ लिटर १६५०, डबा १५ चा ४८५०. ५ किलोच्या वर १० टक्के सूट. कुरिअर वेगळे. भाव दिवाळीपर्यंत.»

ओळखीच्या गिऱ्हाइकाला हा मजकूर पुरेसा असतो. अडचण येते ती धंदा जरा वाढल्यावर. बिलाच्या संगणकात माल चढवायचा असतो, ऑनलाइन दुकान उघडायचे असते, किंवा एखादा दुकानदार म्हणतो, ‘ताई, तुमची लिस्ट एक्सेलमध्ये पाठवा.’ मग कुणीतरी घरातला मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसते आणि या परिच्छेदाचा तक्ता करू लागते. तो तक्ता कसा असावा याचे उत्तर एका वाक्यात देता येते: विकायला ठेवलेल्या प्रत्येक पाकिटाला, म्हणजे प्रत्येक मापाला, स्वतःची एक ओळ. मात्र ते वाक्य अमलात आणताना या छोट्याशा मजकुरात किती गोष्टी न लिहिता राहून गेल्या आहेत, ते एकेक करून समोर येते.

‘गोडा मसाला १०० ग्रॅम ९५, पाव २१५, अर्धा ४४०’ एवढाच तुकडा घ्या. यातला ‘अर्धा ४४०’ वाचताना आपण मनातल्या मनात दोन शब्द भरतो. अर्धा म्हणजे अर्धा किलो, आणि हा भाव गोड्या मसाल्याचा. ‘किलो’ हा शब्द तर या वाक्यात कुठेच नाही, तो आधीच्या कांदा-लसूण मसाल्याच्या वाक्यातून वाहत आला आहे. परिच्छेदाची सगळी सोय या वाहत येण्यात आहे. एकदा सांगितलेले पुढच्यांनाही लागू, हे लिहिणाऱ्याने धरलेले असते आणि वाचणाऱ्याला कळते. तक्त्यातल्या ओळीला ही सोय नाही. ती ओळ उचलून दुसऱ्या कागदावर ठेवली, वरच्या-खालच्या ओळी पुसून टाकल्या, तरी तिच्यावरून कुठला माल, किती आणि कितीला, हे कळले पाहिजे. संगणकशास्त्रात हा आग्रह जुना आहे. आयबीएममधले गणिती एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती साठवण्याची जी तक्त्यांची पद्धत मांडली, तिच्या मुळाशी एका घरात एकच मूल्य असावे हा नियम आहे. ‘पाव २१५, अर्धा ४४०’ हे एकाच घरात कोंबले की तो नियम मोडतो आणि संगणकाला त्यातून बेरीज, क्रमवारी, शोध काहीच नीट करता येत नाही.

कामाला हात घालण्याआधी ओळी किती होणार ते मोजून ठेवावे. वरच्या मजकुरात पाकिटांचे भाव म्हणून लिहिलेले आकडे तेरा आहेत. कांदा-लसूण मसाल्याचे तीन, गोड्या मसाल्याचे तीन, मेतकूट-भाजणीचे दोन, चटण्यांचे दोन आणि तेलाचे तीन. पण कांदा-लसूण मसाला दोन प्रकारचा आहे, म्हणून तिथे तिनाच्या सहा ओळी होतात. मेतकूट आणि भाजणी दोन वेगळे जिन्नस, म्हणून दोनाच्या चार. चटण्या तीन, म्हणून दोनाच्या सहा. गोडा मसाला आणि तेल यांच्या तीन-तीन. एकूण बावीस. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला की शेवटी तक्त्यात एकवीस किंवा तेवीस ओळी दिसल्या तर काहीतरी राहिले किंवा दोनदा आले, हे लगेच कळते. बावीसच ओळी आल्या म्हणजे सगळे बरोबर, असे मात्र नाही, ती फक्त पहिली चाळणी.

आता रकाने. मी सात रकाने सुचवेन: कोड, उत्पादन, प्रकार, माप, एकक, किंमत आणि मूळ मजकूर. काही ओळी अशा दिसतील:

| कोड | उत्पादन | प्रकार | माप | एकक | किंमत | मूळ मजकूर |
|---|---|---|---|---|---|---|
| KLM-T-250 | कांदा-लसूण मसाला | तिखट | 250 | ग्रॅम | 170 | पाव किलो १७० |
| KLM-T-500 | कांदा-लसूण मसाला | तिखट | 500 | ग्रॅम | 330 | अर्धा ३३० |
| KLM-T-1000 | कांदा-लसूण मसाला | तिखट | 1000 | ग्रॅम | 640 | एक किलो ६४० |
| GM-100 | गोडा मसाला | | 100 | ग्रॅम | 95 | १०० ग्रॅम ९५ |
| GM-250 | गोडा मसाला | | 250 | ग्रॅम | 215 | पाव २१५ |
| GM-500 | गोडा मसाला | | 500 | ग्रॅम | 440 | अर्धा ४४० |
| CK-200 | कारळे चटणी | | 200 | ग्रॅम | 100 | २०० ग्रॅम ९५, कारळे ५ रु. जास्त |

शेवटचा रकाना पाहून पुष्कळांना वाटते, हा कशाला? आपण मूळ शब्द ज्या अर्थाने घेतले तो अर्थ चुकला असेल, तर तो पकडायची जागा तीच. कारळे चटणीच्या ओळीत किंमत 100 आहे आणि मूळ मजकुरात ९५. मधले पाच रुपये कुठून आले, ते त्याच ओळीत दिसते. काम पुरे झाले, सगळे तपासून झाले की हा रकाना लपवता येतो. पण तो सुरुवातीपासून न ठेवल्यास शंका आली की दर वेळी परिच्छेद पुन्हा वरपासून वाचावा लागतो.

या सात रकान्यांच्या शेजारी आठवा एक तात्पुरता रकाना हवा: शंका. परिच्छेदात जे संदिग्ध आहे ते आपल्या मनाने ठरवून भरून टाकणे ही या कामातली सर्वांत महागडी सवय आहे. तक्ता नीटनेटका दिसतो म्हणून त्यातला अंदाजही पक्का वाटू लागतो, आणि मग तोच अंदाज बिलावर छापला जातो.

आपल्या नमुन्यात अशा जागा बऱ्याच आहेत. ‘तिखट/मध्यम’ यातली तिरपी रेघ म्हणजे दोन प्रकार आणि दोन्हींचा भाव एकच, असे आपण धरले. पण एकाच मसाल्याचे वर्णन म्हणून ‘मध्यम तिखट’ असेही कुणी लिहिते. ‘मेतकूट, थालीपीठ भाजणी पाव ८०’ इथला स्वल्पविराम अधिक धोक्याचा. हा भाव दोन्हींचा आहे, की मेतकुटाचा भाव लिहायचा राहून गेला आणि ८० फक्त भाजणीचे? मेतकूट पुष्कळ जण शंभर ग्रॅमच्या पुडीत विकतात, भाजणी पाव-अर्ध्या किलोत. दोन्हींची मापे आणि भाव तंतोतंत सारखे असतीलही, पण विचारून घ्यावे असे नक्कीच आहे. कारळ्याचे ‘५ रु. जास्त’ हे प्रत्येक पाकिटामागे, की शंभर ग्रॅमला पाच म्हणजे दोनशेला दहा? पहिला अर्थ घेतला तर दोनशे ग्रॅमचे शंभर रुपये होतात, दुसरा घेतला तर एकशे पाच. परिच्छेद वाचून याचे उत्तर मिळत नाही, ते फक्त चटणी करणाऱ्या ताईच देऊ शकतात. या सगळ्या शंका एका कागदावर उतरवून एकाच बैठकीत विचाराव्यात. दर पाच मिनिटांनी एक प्रश्न विचारला की समोरचा माणूस कंटाळतो आणि ‘घाल काहीतरी’ म्हणतो.

सर्वांत गमतीची शंका तेलाच्या डब्याची आहे. ‘डबा १५ चा ४८५०’. पंधरा काय? महाराष्ट्रात तेलाचे डबे पंधरा किलोचेही मिळतात आणि पंधरा लिटरचेही, आणि बोलताना दोन्हींना ‘पंधराचा डबा’च म्हणतात. तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर शेंगदाणा तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात सुमारे १३.६ किलो तेल असते आणि पंधरा किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर. भावाकडे पाहून थोडा अंदाज बांधता येतो. एक लिटरला ३४०, पाच लिटरच्या कॅनमध्ये लिटरला ३३० पडतात. डबा पंधरा लिटरचा असेल तर लिटरला सुमारे ३२३ पडतात, पंधरा किलोचा असेल तर सुमारे २९४. पहिला आकडा चढत्या मापाबरोबर हळूहळू उतरणाऱ्या भावाशी जुळतो, म्हणून तो लिटरचाच असावा असे वाटते. तरीही शंकेच्या रकान्यात ही ओळ राहिली पाहिजे, कारण दोन अर्थांत दीड लिटरचा फरक आहे आणि तो गिऱ्हाइकाच्या घरी डबा मापल्यावर कळणे बरे नाही.

म्हणूनच माप आणि एकक हे दोन वेगळे रकाने ठेवायचे. वजनाचा माल ग्रॅममध्ये, पातळ माल मिलिलिटरमध्ये, आणि एकातून दुसऱ्यात रूपांतर करायच्या फंदात पडायचे नाही. एक किलो म्हणजे 1000, एकक ग्रॅम. पाच लिटर म्हणजे 5000, एकक मिली. किलो आणि ग्रॅम एकाच रकान्यात मिसळले तर क्रमवारी लावताना ‘1 किलो’ हा ‘100 ग्रॅम’च्या आधी येतो, कारण संगणकाला एक हा शंभरापेक्षा लहान एवढेच ठाऊक. ग्रॅममध्ये लिहिले की 100, 250, 500, 1000 असा योग्य क्रम आपोआप लागतो. गिऱ्हाइकाला दाखवताना ‘पाव किलो’ असेच दाखवायचे असेल तर त्यासाठी वेगळा दर्शनी रकाना करावा. मराठीतल्या पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या शब्दांची एक छोटी यादी बाजूला करून त्यापुढे ग्रॅम लिहून ठेवले तर मोठ्या यादीतही कुठे ‘पाऊण’चे पाचशे होत नाहीत. पाकिटावरच्या लेबलावर तर ‘पाव’ चालतच नाही. वेष्टनबंद मालाच्या नियमांप्रमाणे तिथे निव्वळ वजन ग्रॅम-किलोत किंवा माप मिली-लिटरमध्येच द्यावे लागते.

इथून पुढची अडचण संगणकाची आहे आणि ती मराठीत यादी लिहिणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी भेटते. मजकुरातले आकडे देवनागरी आहेत. ‘१७०’ हा आपल्याला आकडा दिसतो, पण एक्सेल किंवा गूगल शीट्स नेहमीच्या मांडणीत त्याला तीन अक्षरे समजतात. ओळखायची खूण सोपी आहे. संगणक ज्याला संख्या समजतो ते घराच्या उजव्या कडेला चिकटते, ज्याला मजकूर समजतो ते डावीकडे. किमतीच्या रकान्याखाली बेरीज लावली आणि उत्तर शून्य आले, की आकडे अजून अक्षरेच आहेत असे समजावे. यादी छोटी असेल तर शोधा-आणि-बदला वापरून दहा अंक दहा वेळा बदलले तरी चालते. मोठी असेल तर मूळ मजकूर A2 मध्ये आहे असे धरून हे सूत्र, जे एक्सेलच्या नव्या आवृत्तीत आणि गूगल शीट्समध्येही चालते:

```
=VALUE(REDUCE(A2,SEQUENCE(10,1,0),
 LAMBDA(t,n,SUBSTITUTE(t,UNICHAR(2406+n),n))))
```

युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ अंक त्याच्या पाठोपाठ येतात. त्यामुळे सूत्र शून्यापासून नवापर्यंत एकेक अंक घेऊन त्याच्या जागी संगणकाला कळणारा अंक ठेवते आणि शेवटी त्याची संख्या करते. घरात ‘रु.’ किंवा आकड्यामागची ‘/-’ ही जुनी सवयीची खूण राहिली असेल तर सूत्र चूक दाखवते. ते बरेच आहे, निदान बिघाड दिसतो तरी.

न दिसणारा बिघाड तारखांचा. कुणी अर्धा किलो ‘1/2’ असे लिहिलेले असते आणि ते तसेच घरात टाकले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. भारतीय मांडणी असेल तर एक फेब्रुवारी, अमेरिकन असेल तर दोन जानेवारी. त्या घराला संख्येचे रूप दिले की पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरातला एक विचित्र आकडा दिसतो, कारण एक्सेल तारखा १९०० सालापासूनचे दिवस मोजून ठेवते. मापाच्या रकान्यात असा आकडा दिसला तर तो अर्ध्या किलोचाच अवशेष समजावा. तोडगा आधीच करायचा: मूळ मजकूर चिकटवण्यापूर्वी तो रकाना मजकुराचा म्हणून ठरवून टाकायचा. पाकिटांवर बारकोड असतील तर त्यांच्या रकान्यालाही हेच करावे. भारतात नोंदवलेले बारकोड बहुधा ८९० ने सुरू होतात आणि तेरा अंकी असतात. तेवढी मोठी संख्या एक्सेल `8.90E+12` अशी दाखवते, आणि तशीच फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली तर मधले अंक कायमचे जातात.

पुष्कळ जण या सगळ्याच्या ऐवजी एक वेगळा तक्ता करतात. डावीकडे जिन्नस, वर १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, पाव, अर्धा, एक किलो, एक लिटर, पाच लिटर, डबा असे रकाने, आणि मधल्या घरांत भाव. दुकानाच्या भिंतीवर लावायला हा तक्ता उत्तम, कारण डोळा त्यात आडवा आणि उभा दोन्हीकडे फिरतो. माल चढवायला मात्र तो कामाचा नाही. मापांचे आठ रकाने केले की बहुतेक घरे रिकामी राहतात, आणि रिकामे घर म्हणजे हे माप आम्ही विकत नाही, की भाव अजून ठरला नाही, ते कळत नाही. नवे माप आले की नवा रकाना घालावा लागतो आणि सगळी सूत्रे हलतात. त्याहून मोठी अडचण अशी की प्रत्येक पाकिटाचा स्वतःचा कोड, स्वतःचा बारकोड, स्वतःचा शिल्लक साठा असतो, आणि या तक्त्यात त्यांना ठेवायला जागाच नाही. पाकिटाबद्दल काहीही लिहायचे तर पाकिटाला ओळ हवी.

असा आडवा तक्ता आधीच तयार असेल तर तो हाताने पुन्हा लिहू नये. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत तो उघडायचा, जिन्नसाचा रकाना निवडायचा आणि `Unpivot Other Columns` ही आज्ञा द्यायची. वरची मापे खाली उतरून प्रत्येक भावाची वेगळी ओळ होते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: ही आज्ञा रिकामी घरे गाळून टाकते. विकत नसलेली मापे गळाली तर चांगलेच, पण ज्याचा भाव ‘नंतर भरू’ म्हणून मोकळा सोडला होता ते पाकीटही त्याबरोबर गुपचूप नाहीसे होते. म्हणून भाव ठरायचा असलेल्या घरात आधी ‘शंका’ असा शब्द टाकावा, म्हणजे ती ओळ उरते आणि डोळ्यांत भरते.

उभ्या तक्त्यातही परिच्छेदाची जुनी सवय परत येते, आणि ती तक्ता सुंदर दिसावा या हौसेतून येते. ‘गोडा मसाला’ हे नाव पहिल्या ओळीत लिहायचे, पुढच्या दोन ओळींत जागा मोकळी सोडायची, किंवा तीन घरे जोडून मोठे करायचे आणि त्यात मधोमध नाव ठेवायचे. छापील कागदावर ते शोभते. पण कुणीतरी किमतीप्रमाणे क्रमवारी लावली की २१५ आणि ४४० या ओळी आपले नाव गमावून भलत्याच जिन्नसाखाली जाऊन बसतात, आणि घरे जोडलेली असतील तर एक्सेल क्रमवारीच लावू देत नाही. दर ओळीत नाव पूर्ण लिहायचे, कितीही वेळा आले तरी. रिकाम्या घरांचा तक्ता हाती आला तर आधी जोडलेली घरे सुटी करायची. मग उत्पादनाचा रकाना निवडून `Go To Special` मधून `Blanks` घ्यायचे, `=` टाइप करून वरच्या बाणाची कळ दाबायची आणि `Ctrl+Enter` दाबायचे. प्रत्येक रिकामे घर आपल्या वरचे नाव उचलते. नंतर सगळा रकाना नक्कल करून त्याच जागी फक्त मूल्ये म्हणून चिकटवायचा, नाहीतर क्रमवारी बदलली की सूत्रे पुन्हा भलत्या घराकडे बघू लागतात.

ओळी सुट्या झाल्या तरी या तिन्ही एकाच गोड्या मसाल्याच्या आहेत हे कुठेतरी राहिले पाहिजे, नाहीतर ऑनलाइन दुकानात एकाच मसाल्याची तीन स्वतंत्र पाने तयार होतात. ते काम कोडच्या पुढच्या भागाने होते. GM-100, GM-250, GM-500 यांत GM समान आहे. गूगलच्या खरेदी-विभागासाठी मालाची यादी देताना याच कामासाठी `item_group_id` नावाचा वेगळा रकाना असतो. एका मालाच्या सगळ्या मापांना त्यात एकच खूण द्यायची आणि प्रत्येक मापाला स्वतःचा `id`. कोडमध्ये किंमत किंवा वर्ष घालायचा मोह टाळावा. किंमत बदलते, आणि जुन्या बिलांवरचा कोड मग खोटे बोलू लागतो.

तक्ता भरून झाला की माझ्या मते सर्वांत उपयोगी तपासणी एका छोट्या सूत्राची आहे. किंमत F रकान्यात आणि माप D मध्ये असेल, तर शेजारी दर किलोचा किंवा दर लिटरचा भाव काढायचा:

```
=F2/D2*1000
```

कांदा-लसूण मसाल्याचे उत्तर येते ६८०, ६६०, ६४०. माप वाढत जाते तसा दर उतरतो, जसा तो उतरायला हवा. शेंगदाणा आणि जवस चटणीचे ५०० आणि ४७५, तेही ठीक. गोड्या मसाल्याचे मात्र ९५०, ८६० आणि मग ८८०. अर्ध्या किलोचा दर पाव किलोपेक्षा महाग. पाव किलोची दोन पाकिटे घेतली तर ४३० रुपये होतात आणि अर्ध्या किलोचे एक घेतले तर ४४०. परिच्छेदात हा आकडा कितीही वेळा वाचला तरी खटकत नाही, कारण तिथे ९५, २१५, ४४० असा चढता क्रम नजरेला बरोबरच वाटतो. बहुधा घडते असे की मिरची-धण्याचे भाव वाढले म्हणून मोठ्या पाकिटाचा भाव वाढवला जातो आणि लहानाचा वाढवायचा राहून जातो. ताईंना विचारले आणि पाव किलोचे २२५ ठरले, की दर ९५०, ९०० आणि ८८० असा सरळ उतरतो. इथे मालकाची परवानगी घेतल्याशिवाय आकडा बदलायचा नाही, चूक उघड दिसत असली तरीही. तक्ता करणाऱ्याचे काम आकडा दाखवून देण्याचे, भाव ठरवण्याचे नव्हे.

याच सूत्राने टायपिंगच्या चुकाही पकडल्या जातात. 250 च्या जागी 25 पडले की त्या पाकिटाचा दर किलोला दहापट होतो आणि रकान्यातून उसळून वर येतो. जिथे दर आजूबाजूच्या ओळींपेक्षा दीडपट-दुप्पट दिसेल तिथे आधी माप तपासावे, मग किंमत. या रकान्याचा आणखी एक उपयोग आहे. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाकिटावर कमाल किमतीबरोबर एककाचा भावही छापणे आले. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर तो दर ग्रॅमला, त्याहून जास्त वजनाच्या पाकिटावर दर किलोला. अडीचशे ग्रॅमच्या गोड्या मसाल्याला २२५ रुपये असतील तर ग्रॅमला ९० पैसे. तपासणीसाठी काढलेला आकडा हजाराने भागला की लेबलासाठीचा आकडा तयार.

परिच्छेदाच्या शेवटच्या तीन वाक्यांना अजून हात लावलेला नाही, आणि त्यांना तक्त्यात ओळ मिळणारही नाही. ‘५ किलोच्या वर १० टक्के सूट’ ही सगळ्या खरेदीवरची अट आहे, ते पाच किलोचे पाकीट नाही. तरी घाईत पुष्कळदा कांदा-लसूण मसाल्याखाली 5000 ग्रॅमची एक ओळ तयार होते आणि किंमत म्हणून कुणीतरी ६४० ची पाचपट करून त्यातून दहा टक्के वजा करून २८८० लिहिते. पाच किलोचे पाकीट बनतच नसेल तर ती ओळ खोटी. शिवाय त्या अटीत तेल धरायचे का, आणि धरायचे तर लिटर किलोत कसे मोजायचे, हा प्रश्न तसाच राहतो. तो शंकेच्या कागदावर जाईल. सूट, कुरिअरचा खर्च, पैसे कधी द्यायचे अशा अटींसाठी त्याच फाइलमध्ये वेगळे पान करावे.

‘भाव दिवाळीपर्यंत’ हे वाक्य मात्र प्रत्येक ओळीला लागू आहे. त्याच्यासाठी ‘भाव लागू’ आणि ‘भाव संपतो’ असे दोन रकाने जोडायचे आणि त्यांत खऱ्या तारखा घालायच्या. दिवाळी म्हणजे लक्ष्मीपूजन की भाऊबीज, तेही विचारून. भाव बदलला की जुना आकडा खोडून नवा लिहिण्याऐवजी जुन्या ओळीत संपल्याची तारीख घालावी आणि खाली त्याच कोडची नवी ओळ जोडावी. असे केले तर मागच्या वर्षी दिवाळीत मेतकूट कितीला दिले होते, या प्रश्नाला कोड आणि तारीख पाहून उत्तर मिळते.

तक्त्यावरून मोबाइलवर पाठवायचा मजकूर पुन्हा बनवता येतो, आणि बनवून पाहावाच. गोड्या मसाल्याचा तुकडा असा मिळतो:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,FILTER(D2:D23&" "&E2:E23&" "&F2:F23,
 B2:B23="गोडा मसाला"))
```

उत्तर येते ‘100 ग्रॅम 95, 250 ग्रॅम 225, 500 ग्रॅम 440’. दुसऱ्या ओळीपासून तेविसाव्यापर्यंत बरोबर बावीस ओळी आहेत, म्हणून सूत्रात 2 ते 23. भाव बदलल्यावर नव्या ओळी जोडल्या गेल्या की 23 चा आकडा वाढवावा लागेल आणि संपलेले भाव गाळण्यासाठी तारखेची अट घालावी लागेल. प्रत्येक जिन्नसासाठी हे करून निघालेला मजकूर मूळ मजकुराशेजारी ठेवला की जे सुटले ते दिसते. फरक फक्त तिथेच असले पाहिजेत जिथे ताईंनी शंकेच्या कागदावर उत्तर देऊन बदल केला आहे. आपल्या नमुन्यात सध्या असा एकच फरक आहे, २१५ च्या जागी २२५. मेतकूट, कारळे, सूट आणि डबा या ओळींपुढे ‘शंका’ अजून तशीच आहे, आणि उत्तर येईपर्यंत त्या ओळी ना दुकानदाराला पाठवायच्या, ना बिलाच्या संगणकात चढवायच्या.